हुंकार आणि हजेरी

आमच्या माणदेशात गोष्ट सांगणाऱ्याच्या आधी हुंकार देणारा शोधायचे. रात्री जेवणं झाली, म्हाताऱ्यानं घोंगडं अंथरलं, की पहिला सवाल हाच, "हुं कोण म्हणणार?" पोरांपैकी एकजण पुढं सरकायचा. वाक्य संपलं की त्यानं "हुं" म्हणायचं. राजा शिकारीला निघाला, "हुं." वाटेत त्याला तहान लागली, "हुं." हुंकार ढिला पडला की सांगणारा ओळखायचा, पोरगं पेंगतंय. मग तो राजाला तहानलेला तसाच ठेवून एकदम वाघ आणायचा. हुंकार पुन्हा ताठ व्हायचा.

एवढ्याशा त्या "हुं"मध्ये सांगायच्या गोष्टीचं सगळं शास्त्र आहे. छापलेल्या गोष्टीला वाचक कुठं कंटाळला हे लेखकाला कधीच कळत नाही. सांगणाऱ्याला मात्र ते दर वाक्याला कळतं, आणि कळल्यावर गप्प बसून चालत नाही, गोष्ट तिथल्या तिथं वळवावी लागते. कीर्तनकारही हेच करत आले. पूर्वरंगात निरूपण जड झालं, माणसं चुळबुळायला लागली की बुवा टाळकऱ्यांकडं बघायचे, नामाचा गजर व्हायचा आणि बैठक पुन्हा सावरायची. उत्तररंगातलं आख्यान तर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बघतच लांबायचं नाहीतर आटपायचं.

ही घोंगड्यावरची विद्या माईकपुढं, तिकीट काढून आलेल्या माणसांपुढं कशी आली, त्याला एक इतिहास आहे. १९६२ च्या सुमाराला व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी मिळून कथाकथनाचे कार्यक्रम सुरू केले. तिघंही जवळजवळ एका वयाचे. पाटील १९२६ चे, माडगूळकर आणि मिरासदार १९२७ चे. एक माणदेशातल्या माडगूळचा, एक कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीचा, एक अकलूजचा. तिघांची गावं वेगळी, तिघांच्या बोलण्याची लकब वेगळी. कथा त्यांच्या आधीच छापून आल्या होत्या, लोकांनी वाचल्याही होत्या. तरीही माणसं ऐकायला यायची. माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकायला माणूस का येतो, हे ज्यानं एकाच म्हातारीकडून एकच गोष्ट शंभरदा ऐकलीय, त्याला सांगायला नको.

गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कॉलेजांची स्नेहसंमेलनं, साहित्य संमेलनं, जिथं म्हणून मांडव पडला तिथं हे कथाकथन गेलं. पुढं या तिघांनाही साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. माडगूळकरांना अंबाजोगाईला, पाटलांना नांदेडला, मिरासदारांना परळीला. शहरी बाजूनं व. पु. काळे आले. नोकरी मुंबई महानगरपालिकेत, पेशा वास्तुविशारदाचा, आणि संध्याकाळी ऑफिसातल्या, चाळीतल्या माणसांच्या गोष्टी. मग टेपरेकॉर्डर आले आणि कॅसेटवरून या मंडळींचे आवाज घराघरांत गेले. ज्यांनी त्यांचं पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्यांनाही गोष्टी पाठ झाल्या.

वाकोल्याला आमच्या चाळीत एका बिऱ्हाडी असा टेप होता. दार उघडं ठेवून तो लावला की समोरचा सोपा भरायचा. सांताक्रूझ पूर्वेचा हा भाग तेव्हा मोठा गमतीचा. मूळचं वाकोला गावठाण ईस्ट इंडियन ख्रिश्चनांचं, तिथं त्यांची कौलारू घरं. पलीकडं नाला. आमच्या बाजूच्या बैठ्या चाळींत सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं, तितकीच कोकणातली, आणि मधूनमधून गुजराती, उत्तरेकडचे भय्ये. विमानतळ हाकेच्या अंतरावर. कोणी बोलायला लागलं आणि विमान आलं की सगळी चाळ वाक्याच्या मध्येच थांबायची, विमान गेलं की तिथूनच पुढं चालू. पाहुण्याला ह्याचं नवल वाटायचं, आम्हाला काहीच नाही.

१९८६-८७ च्या सुमाराला आमच्या गणेशोत्सव मंडळानं ऑर्केस्ट्राला पैसे नाहीत म्हणून एक रात्र कथाकथनाची ठेवली. तीन जणांनी तीन गोष्टी सांगायच्या. त्यातली एक माझ्या वाट्याला आली. माझी एक गोष्ट आधीच एका लहानशा दिवाळी अंकात छापून आलेली होती. तीच कागदावरून अंगणात आणायची होती. तो बदल कसा केला ते सविस्तर सांगतो, कारण छापलेल्या आणि सांगितलेल्या गोष्टीतला फरक त्यात सगळा आला.

गोष्ट आमच्या तात्यांची. सालं १९७२-७३ च्या दुष्काळाची. आधीची वर्षंही कोरडीच गेली होती, त्यात हे. विहिरींचे तळ दिसायला लागले. रोजगार हमीचा कायदा व्हायला अजून पाच वर्षं होती, तो १९७७ चा. पण सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणं. आमच्या गावाला खडी आली. दगड फोडायचा, त्याचा ढीग लावायचा, ढीग मोजून आठवड्याला पैसे. मस्टरवर नाव पाहिजे. रोज सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा. दुपारी पोरांना सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे.

तात्यांकडं दोन बैल होते. एक विकला. दुसऱ्याचं नाव राजा. त्याला काही काढवेना. कडब्याचे भाव तर माणसाच्या खाण्यापुढं गेलेले. मग तात्यांनी काय केलं, तर मस्टरवर आपल्या खाली एक नाव लावलं, राजाराम. हजेरीला तात्यांनी आपल्या नावाला "हजर" म्हणायचं, आणि चार नावांनंतर राजाराम आला की दोन माणसांच्या आड वाकून, आवाज बदलून पुन्हा "हजर".

छापलेल्या कथेत ह्याची सुरुवात दुष्काळाच्या वर्णनानं होती. दोन पानं. करपलेली शिवारं, आटलेला ओढा, उन्हाचा रंग. वाचायला ठीक. अंगणात मात्र समोर पोरं बसलेली, मागं बायका, कडेला उभी राहिलेली माणसं, आणि नाक्यावरनं रिक्षांचा आवाज. तिथं दोन पानं वर्णन म्हणजे हुंकार गेलाच समजा. मी घड्याळ लावून वाचून पाहिलं होतं. हसण्या-थांबण्यासकट माझी मिनिटाला शे-सव्वाशे शब्दांची चाल. वीस मिनिटांत दोन-अडीच हजार शब्द बसतात, त्यातले चारशे वर्णनातच जायचे. म्हणून दुष्काळ एका वाक्यात आणला. "मंडळी, त्या साली आमच्या गावात पाव्हण्याला पाणी विचारायची चाल बंद झाली." एवढंच. मागं बसलेल्या बायकांत एकदम चुकचुकल्याचा आवाज झाला. सकाळी चार वाजता नळाला उभ्या राहणाऱ्या त्या बाया. त्यांना करपलेलं शिवार दाखवायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट संवादांची. छापताना आपण "तो म्हणाला", "मुकादम ओरडला" असं लिहितो. सांगताना हे सगळं गळतं. मुकादम म्हणजे मान वर, आवाज नाकातून आणि तोंड डावीकडं. तात्या म्हणजे मान खाली, आवाज घशातून आणि तोंड उजवीकडं. पहिल्या दोन वेळेला नाव घेऊन सांगायचं, तिसऱ्या वेळेला नुसती मान वळवली की लोकांना कळतं. दोघांपेक्षा जास्त माणसं एकदम बोलायला लागली मात्र की अंगणाचा गोंधळ होतो. छापलेल्या कथेत खडीवर सातजण बोलत होते, मी पाचांना गप्प बसवलं. मांडवात त्यांची कुणाला आठवण झाली नाही.

तिसरी, आणि खरी महत्त्वाची गोष्ट, हजेरीची. कागदावर ती एकदाच होती. सांगायच्या गोष्टीत मी ती चार वेळा घेतली. लोकांच्या कानाला एखादी गोष्ट पहिल्यांदा नवी असते, दुसऱ्यांदा ओळखीची होते आणि तिसऱ्यांदा त्यांची स्वतःची होते. चौथ्यांदा ती मोडायची. जुन्या गोष्टींत एकच प्रसंग पुन्हा पुन्हा येतो, ते काही उगाच नव्हे.

पहिली हजेरी अशी.

"तुकाराम!"
"हजर!"
"सखाराम!"
"हजर!"
"राजाराम!"

इथं मी थांबायचो. मनात तीन आकडे मोजायचे. एक, दोन, तीन. मग डोकं खाली घालून, घोगऱ्या आवाजात, "ह्...जर!" माईक तोंडापासून वीतभर लांब पाहिजे, आणि "हजर" म्हणताना तोंड जरा बाजूला, नाहीतर "ह" चा नुसता वारा फुर्र करून कर्ण्यातून बाहेर पडतो आणि शब्दच ऐकू येत नाही. पोरं खिदळली. मोठी माणसं अजून नुसती बघत होती.

दुसऱ्या हजेरीला मुकादमाला संशय आला. "हा राजाराम दिसत न्हाई कवा?" तात्या म्हणाले, "सायेब, लाजाळू हाय." आता मोठी माणसंही हसली. हसण्याचं एक गणित असतं. हसू चढत जातं, शिगेला पोचतं आणि उतरायला लागतं. पूर्ण उतरायच्या आधी पुढचं वाक्य टाकायचं. चढताना टाकलं तर वाक्य हशात वाहून जातं. पार उतरू दिलं तर पुन्हा शून्यातून चढ चढावा लागतो. कागदावर मी अशा जागी पेन्सिलीनं छोटी फुली केली होती. तरी शेवटी नजर कागदावर नाही, दुसऱ्या रांगेवर ठेवायची. पहिल्या रांगेतली पोरं कशालाही हसतात. दुसरी रांग हसली की अंगण हसलं.

त्यातच विमान आलं. मी "तात्या घरला आले, दावणीपाशी गेले आणि..." इथं होतो. विमान डोक्यावरून जाईपर्यंत अंगण जसंच्या तसं, मीही हात तसाच वर धरून उभा. आवाज विरला तेव्हा मी "आणि" पासून सुरू केलं नाही, पुन्हा "तात्या घरला आले" पासून घेतलं. कान एकदा तुटला की त्याला मागच्या वाक्यापासून हात धरून आणावं लागतं.

तिसऱ्या हजेरीला मला काही करावंच लागलं नाही. "राजाराम!" म्हणालो आणि माझ्या तीन आकड्यांतला दुसरा आकडा व्हायच्या आत समोरच्या सगळ्या पोरांनी मिळून आरोळी ठोकली, "हजर!" मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हीच ती वेळ. गोष्ट आता माझ्या एकट्याची राहिली नव्हती. बैलाच्या खोट्या हजेरीत सगळी चाळ सामील झाली होती.

आणि मग साहेब आला. जीपमधून उतरला, मस्टर हातात घेतलं. "राजाराम कोण? पुढं या." कुणी पुढं येईना. साहेब म्हणाला, "म्हणजे नाव खोटं आहे. पैसे कोण घेतं?" तात्या उठले. म्हणाले, "सायेब, नाव खोटं हाय. ढीग मोजा."

इथं माझा आवाज खाली आणायचा होता, वर नाही. राग आला की माणूस ओरडतो, पण खरं सांगताना तो हळू बोलतो. अंगणात आवाज खाली आला की लोक पुढं झुकतात.

साहेबानं ढीग मोजला. तात्यांच्या नावाचा एक होता. त्याच्या शेजारी राजारामच्या नावाचा दुसरा, तेवढाच. दिवसभर आपला ढीग फोडायचा आणि माणसं घरी गेली, चांदणं पडलं, की बैलाच्या नावचा फोडत बसायचं. खोटं होतं ते फक्त नाव. घाम खरा होता. राजारामची मजुरी जायची ती कडब्याला.

छापलेल्या कथेत ह्या जागी मी एक परिच्छेद लिहिला होता, तात्यांच्या मनातल्या विचारांचा. सांगताना तो काढून टाकला. त्याऐवजी नुसतं हात करून दाखवलं, हातोडा वर, हातोडा खाली. "ठक्." थांबायचं. "ठक्." थांबायचं. "रातचं गावात आवाज यायचा. ठक्... ठक्... लोक म्हणायचे, राजाराम कामावर हाय." ह्या वाक्याला कुणी हसलं नाही. तिसऱ्या हजेरीला हेच वाक्य आलं असतं तर हशा पिकला असता.

मग चौथी हजेरी. उन्हाळा सरत आलेला. कडबा पैसे देऊनही मिळेना. मुकादम आता सगळं जाणून होता, तरी रोज नाव घ्यायचा.

"तुकाराम!"
"हजर!"
"सखाराम!"
"हजर!"
"राजाराम!"

मी आकडे मोजायला लागलो. एक. पोरं सवयीनं तयारच होती. पुढून एक बारीक आवाज आला, "हज..." आणि तिथंच तुटला. शेजारच्या बाईनं त्या पोराच्या तोंडावर हात ठेवला होता. तिला गोष्ट पुढं काय होणार ते माहीत नव्हतं. पण दुष्काळात एखादी हाक अशी लांबली की तिचा अर्थ काय, ते तिला ठाऊक होतं. दोन. तीन. मी आणखी दोन आकडे थांबलो. नाल्यापलीकडच्या वस्तीतला रेडिओ तेवढा ऐकू येत होता. मग मान खाली घालून, घोगरा नाही, तात्यांचा सरळ आवाज, "नाव खोडा, मुकादम."

गोष्ट तिथंच संपवली. छापलेल्या कथेत ह्याच्यापुढं अर्धं पान होतं. बैल रात्री कसा बसला तो उठला नाही, त्याला कुठं पुरला, तात्यांनी दावं कसं खुंटीला टांगलं. ह्यातलं काहीही सांगावं लागलं नाही. टाळ्यांना वेळ लागला. सांगणाऱ्यानं अशा वेळी माईकपुढून चटकन बाजूला व्हावं, "आभारी आहे" वगैरे काही म्हणू नये. ऐकणाऱ्याला त्याच्या गावाहून परत यायला थोडा वेळ लागतो.

ह्या चालीला मर्यादाही आहेत. अशी गोष्ट पन्नास ते दोनशे माणसांत चालते. त्याहून मोठ्या मैदानात हजेरीची आरोळी उठते, पण शेवटची शांतता जमत नाही, कुठं ना कुठं कुणी बोलतंच. आणि ज्यांनी हजेरी दिलेली नाही, अशा श्रोत्यांपुढं तीनदाही पुरत नाही. एका कॉलेजात ही गोष्ट सांगताना मला मस्टर म्हणजे काय ते मधेच सांगावं लागलं. समजावून सांगायला लागलं की ताल तुटतो. त्यापेक्षा तिथं मुकादम वहीचं पान उलटतोय असं हातानं दाखवावं, शब्दांपेक्षा ते लवकर कळतं.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर चाळीतल्या सतरंज्या गोळा करताना सगळ्यांना आपापली खडी आठवायला लागली होती. कोण कुठल्या तलावावर होता, कुणाच्या आईचा हात हातोड्याखाली सापडला होता, कोण तिथूनच एसटीत बसून मुंबईला आला आणि पुन्हा शेतीकडं गेलाच नाही. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेल्या दोन माणसांना त्या रात्री कळलं की ते एकाच पाझर तलावावर दगड वाहत होते. इतिहासाच्या पुस्तकात १९७२ चा दुष्काळ आकड्यांत असतो. इथं तो नावानिशी हजेरी देत होता.

ज्या म्हातारीनं पोराच्या तोंडावर हात ठेवला होता, ती शेवटी माझ्यापाशी आली. विट्याकडची. म्हणाली, "बाळा, बैलाचं नाव राजा व्हतं व्हय?"

म्हणालो, "व्हय, आजी."

"आमच्याचं सर्जा. फुडल्या खेपंला माझ्या दारात सांगशील तवा त्येचं नाव घाल."

सर्जा. मस्टरवर तो सर्जेराव होईल. मी मनातल्या मनात हाक मारून बघितली. राजारामातले दोन्ही "रा" लांबवता येतात, म्हणून ती हाक शेवटच्या माणसापर्यंत जाते. सर्जेरावातही शेवटचा "राव" तसाच लांबवर जातो. हाक बसत होती.

छापलेल्या पुस्तकात अजून राजाराम आहे, त्याला आता कुणी हलवू शकत नाही. वाकोल्यात मात्र त्यानंतर तीनदा ही गोष्ट सांगितली, एकदा त्या आजीच्या दारात. तिथं मुकादमानं सर्जेरावाची हजेरी घेतली, आणि शेवटच्या हाकेला आजीनं स्वतःच, कुणी सांगायच्या आधी, हळूच म्हटलं, "खोडा."